एक सळी, एक मशीन आणि स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हचे नेहमीचे प्रश्न

डिप्लोमा आणि डिग्रीच्या पोरांना सळी ताणायचं प्रॅक्टिकल घेता घेता बरीच वर्षं गेली, पण प्रश्न दरवर्षी तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून टाकतोय. सगळीकडे एकच सळी धरलीये म्हणजे आकडे डोक्यात राहतील. साधी गोल माइल्ड स्टीलची १६ मिमी सळी, एरिया २०१ चौ. मिमी, तिच्यावर पंचने ८० मिमी अंतरावर दोन खुणा केल्यात आणि ती सळी ताणायच्या मशीनच्या, म्हणजे यूटीएमच्या, जबड्यात धरलीये. अप्पर यील्डला लोड ५६.५ किलोन्यूटन, लोअर यील्डला ५३.५, जास्तीत जास्त ८४, आणि तुटताना ६२. तुटलेले तुकडे जोडून मोजलं तर खुणांमधलं अंतर १०५.६ मिमी आणि जिथं तुटली तिथला व्यास ९.८ मिमी. बास, एवढ्यावर सगळं निघतं.

मशीन नक्की काय काढतं, स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह की अजून काही?

मशीनला स्ट्रेस कळत नाही आणि स्ट्रेनही कळत नाही, त्याला फक्त लोड आणि किती हललं एवढंच कळतं. त्या लोडला आपण सुरुवातीच्या एरियाने भागतो, म्हणजे ५६,५०० भागिले २०१, आलं २८१ मेगापास्कल, तो झाला अप्पर यील्डचा स्ट्रेस. तसंच लोअर यील्ड २६६ आणि जास्तीत जास्त लोडचा स्ट्रेस, म्हणजे यूटीएस, ४१८. मेगापास्कल आणि न्यूटन प्रति चौ. मिमी एकच, त्यात अडकू नका. लांबी किती वाढली त्याला मूळ लांबीने भागलं की स्ट्रेन. लक्षात ठेवायची गोष्ट ही की दोन्हीकडे भागाकार "मूळ" मापाने आहे, सळी पुढं बारीक होते तरी आपण २०१ नेच भागत राहतो. याला इंजिनिअरिंग स्ट्रेस म्हणतात आणि पुढची निम्मी गडबड इथूनच सुरू होते.

सर माझा ई २० जीपीए आला, पुस्तकात २०० आहे, दशांश चिन्ह चुकलं का?

नाही चुकलं, गणित बरोबर आहे, मोजलंय चुकीचं. ई म्हणजे सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ, स्ट्रेस भागिले स्ट्रेन. हा प्रश्न प्रत्येक बॅचला एक तरी ग्रुप विचारतोच.

झालंय काय की तुम्ही सळी किती ताणली ते न मोजता मशीनचा वरचा भाग किती सरकला ते मोजलंत. आपल्या सळीचं बघा, जबड्यांच्या मधे समजा २५० मिमी सळी आहे आणि लोड ४० किलोन्यूटन आहे, म्हणजे स्ट्रेस १९९. या लोडला सळी खरी ताणली जाते साधारण पाव मिलीमीटर. पण मशीनच्या पट्टीवर दिसतं अडीच मिलीमीटर! बाकीचं सव्वादोन मिलीमीटर गेलं कुठं तर जबड्यांचे दात सळीत रुतण्यात, जबडे पाचरीसारखे खाली बसण्यात, मशीनचे खांब आणि स्क्रू ताणण्यात. आता १९९ ला अडीच भागिले २५० ने भागा, आलं १९.९ जीपीए. म्हणजे तुम्ही सळीचा नाही तर सळी अधिक मशीन अधिक जबडे या सगळ्या गोतावळ्याचा ई काढलात.

उपाय एकच, सळीवरच एक्स्टेन्सोमीटर लावायचा. आपल्या सळीवर ५० मिमीचा लावला होता, १० किलोन्यूटनपासून ४० पर्यंत तो ०.०३६५ मिमी हलला. स्ट्रेसमधला फरक ३०,००० भागिले २०१ म्हणजे १४९, स्ट्रेनमधला फरक ०.०००७३, भागाकार २०४ जीपीए. शून्यापासून न घेता १० पासून घेतलं ते मुद्दाम, कारण सुरुवातीला सळी जबड्यात सरळ होत असते आणि कर्व्हला तिथं एक पायाच्या अंगठ्यासारखा बाक येतो, तो मटेरियलचा नाही. तो बाक बघून काही जण "सुरुवातीला स्टील मऊ असतं" असं जर्नलमध्ये लिहितात, लिहू नका.

आणि हो, यील्ड व्हायच्या आत एक्स्टेन्सोमीटर काढून घ्या, नाहीतर सळी तुटताना त्याचेही तुकडे होतात आणि मग लॅब असिस्टंट तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती आयुष्यभर लक्षात राहते.

प्रपोर्शनल लिमिट, इलॅस्टिक लिमिट आणि यील्ड पॉइंट हे तीन वेगळे कशाला? आकृतीत तर चिकटूनच असतात

चिकटूनच असतात हे खरंय, माइल्ड स्टीलमध्ये तर हे तीन वेगळे दाखवायला आकृती मुद्दाम ताणून काढावी लागते. पण तिन्हींचे प्रश्न वेगळे आहेत.

प्रपोर्शनल लिमिटचा प्रश्न असा की रेष सरळ कुठवर आहे, म्हणजे लोड दुप्पट केला की ताणही दुप्पट, हे कुठवर चालतं. इलॅस्टिक लिमिटचा प्रश्न असा की लोड काढला तर सळी पूर्ण मूळ मापावर कुठवर येते. रेष थोडी वाकली तरी सळी परत येऊ शकते, रबराचं बघा ना, त्याची रेष कधीच सरळ नसते तरी ते परत येतंच, म्हणून या दोन गोष्टी एक नाहीत. आणि यील्डचा प्रश्न असा की लोड न वाढवता सळी आपोआप लांब कधी व्हायला लागते.

यातला इलॅस्टिक लिमिट मोजायला सगळ्यात किचकट. त्यासाठी थोडा लोड लावा, काढा, शून्यावर आला का बघा, मग थोडा जास्त लावा, परत काढा, असं करत बसावं लागतं, आणि तुमचं मोजायचं साधन जितकं बारीक तितका हा लिमिट खाली सरकतो, कारण अगदी किंचितसा कायमचा ताण आधीही पडलेला असतो, फक्त साध्या डायलला तो दिसत नाही. म्हणून कुठल्याही टेस्ट रिपोर्टवर तुम्हाला इलॅस्टिक लिमिटचा रकाना सापडणार नाही, यील्ड किंवा प्रूफ स्ट्रेसच असतो. व्हायवाला मात्र हटकून विचारतात.

यील्डला दोन आकडे का, वरचा आणि खालचा? आणि मधेच लोड खाली का पडतो?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, जरा वेळ घेतो.

धातू कायमचा ताणला जातो म्हणजे त्याच्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरतात, पण अख्खा थर एकदम नाही घसरत, डिसलोकेशन नावाचा एक दोष त्या थरातून पुढं सरकतो. जड सतरंजी ओढायची असेल तर आपण अख्खी ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढं ढकलत नेतो, तसंच. आता माइल्ड स्टीलमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे बारके अणू असतात, लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटीत बसलेले. डिसलोकेशनच्या आसपास त्यांना जास्त ऐसपैस जागा मिळते म्हणून ते तिथं जाऊन जमतात आणि डिसलोकेशनला धरून ठेवतात. ही गोष्ट कॉट्रेल आणि बिल्बी या दोघांनी १९४९ मध्ये मांडली, म्हणून त्या घोळक्याला कॉट्रेल अॅटमॉस्फिअर म्हणतात.

म्हणजे सुरकुती चिकटून बसलीये. ती सोडवायला जास्त जोर लागतो, तो झाला अप्पर यील्ड, आपल्याकडे २८१. एकदा सुटली आणि नवीन डिसलोकेशन धडाधड तयार झाली की पुढं ढकलायला तेवढा जोर लागत नाही, म्हणून लोड २६६ वर येतो. आणि तो तिथंच रेंगाळतो, कारण ही घसरण सळीभर एकदम होत नाही, एका ठिकाणी पट्टा तयार होतो आणि तो सळीवरून हळूहळू पसरत जातो. त्याला ल्यूडर्स बँड म्हणतात. पट्टा पूर्ण सळीवर फिरून झाला की मगच लोड परत वाढायला लागतो, तोवर स्ट्रेन एक-दोन टक्क्यांवर पोचलेला असतो. कर्व्हवरचा तो आडवा पट्टा म्हणजे हेच, पुस्तकात तो सपाट काढतात पण चांगल्या मशीनवर तो करवतीसारखा दातेरी दिसतो.

वरचा आकडा भरवशाचा नाही. मशीन जोरात चालवलं तर तो वाढतो, सळी जबड्यात तिरकी बसली तर एका बाजूने आधी यील्ड होते आणि तो दिसतच नाही. म्हणून एकाच सळीचे दोन तुकडे ताणले तरी अप्पर यील्ड जुळत नाही, लोअर बऱ्यापैकी जुळतो.

जुन्या मशीनवर ग्राफ निघत नाही, यील्ड झालं ते कळणार कसं?

काटा बघा. लोडचा काटा एकसारखा वर जात असतो, मधेच थबकतो, थोडा मागे येतो, थरथरतो, आणि तुम्ही तर व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवलाय. तेव्हाचा आकडा पटकन लिहायचा, ज्याने काटा बघायचाय त्याने दुसरं काही करायचं नाही.

दुसरी खूण सळीवरच. हॉट रोल्ड सळीवर काळपट-निळसर स्केल असते ना, ती ठिसूळ असते, सळीबरोबर ताणली जात नाही. यील्ड झालं की ती तडकते आणि भुरभुर खाली पडते, आणि नीट बघितलं तर एका टोकाकडून दुसरीकडे पडत जाते. म्हणजे ल्यूडर्स बँड डोळ्याने दिसला! मशीनखाली पांढरा कागद ठेवा, मजा येते. पॉलिश केलेल्या सळीवर हे दिसणार नाही.

अॅल्युमिनियमच्या कर्व्हला यील्ड पॉइंटच नाहीये, मग काय लिहू?

०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस लिहा. अॅल्युमिनियममध्ये वरची चिकटण्याची भानगड नाही, म्हणून सरळ रेष गुपचूप वाकायला लागते आणि नक्की कुठून वाकली यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलंय की ०.००२ एवढा कायमचा ताण पडला की यील्ड झालं समजायचं. आडव्या अक्षावर ०.००२ ला खूण करा, तिथून सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर रेष काढा, ती कर्व्हला कापते तो प्रूफ स्ट्रेस. ६०६१-टी६ अॅल्युमिनियम घेतलं तर ई साधारण ६९ जीपीए आणि प्रूफ स्ट्रेस २७६ च्या आसपास, म्हणजे त्या बिंदूवर एकूण स्ट्रेन ०.००६, त्यातला ०.००४ लोड काढल्यावर परत जाणारा आणि ०.००२ राहणारा. पोरं चूक काय करतात तर ०.००२ वरून उभी रेष काढतात. समांतर म्हटलंय, उभी नाही.

स्टील असूनही यील्ड पॉइंट न दिसणारी सळी म्हणजे जुनी टोर सळी, थंड असताना पीळ दिलेली. पीळ देतानाच ती यील्ड होऊन पुढं गेलेली असते, म्हणून आडवा पट्टा कर्व्हवरून गायब. जुन्या इमारतीतून काढलेली सळी टेस्टला आली आणि काटा कुठंच थबकला नाही तर मशीनला शिव्या देऊ नका, पीळ आहे का बघा.

यील्डच्या पुढं नेऊन लोड काढला तर?

समजा आपली सळी २ टक्के स्ट्रेनपर्यंत नेली, स्ट्रेस ३०० आहे, आणि लोड काढला. परत येताना ती आल्या वाटेने येत नाही, पहिल्या सरळ रेषेला समांतर खाली येते. परत मिळतं फक्त ३०० भागिले २,०४,००० म्हणजे ०.००१५, बाकी ०.०१८५ कायमचं. ८० मिमीत जवळपास दीड मिलीमीटर, पट्टीने मोजता येईल एवढं.

साइटवर हे रोज दिसतं. रिंगा वाकवणारा फिटर ९० अंशाची रिंग हवी असेल तर थोडी जास्त वाकवतो, कारण सोडल्यावर ती उघडते, ते उघडणं म्हणजे हाच परत मिळणारा भाग. आणि जेवढा यील्ड स्ट्रेस जास्त तेवढा हा भाग जास्त, साध्या सळीत २५० भागिले २ लाख म्हणजे ०.००१२५, एफई ५०० म्हणजे ५०० यील्डच्या सळीत ०.००२५, दुप्पट. जुने फिटर नवीन सळीला "ही उसळते" म्हणायचे ते उगाच नाही.

आता गंमत बघा, तीच सळी लगेच परत ताणली तर ३०० पर्यंत सरळ जाते आणि अप्पर यील्डचं टोक दिसत नाही, कारण डिसलोकेशन आता मोकळी आहेत. पण तीच सळी काही आठवडे ठेवून द्या किंवा १०० अंशाला थोडा वेळ तापवा आणि मग ताणा, टोक परत हजर, तेही आधीपेक्षा वरच्या स्ट्रेसला! कार्बन-नायट्रोजनचे अणू हळूहळू सरकत परत जाऊन चिकटले. याला स्ट्रेन एजिंग म्हणतात. यात सळी थोडी मजबूत होते पण तुटण्याआधी लांब व्हायची क्षमता कमी होते. आयएस १७८६ मधली रिबेंड टेस्ट यासाठीच आहे, सळी वाकवतात, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवतात, गार झाल्यावर उलट वाकवतात आणि तडा जातो का बघतात. पोरांना वाटतं पाणी सळी धुवायला. कॉलमच्या बाहेर राहिलेल्या सळ्या आधी आडव्या वाकवून ठेवायच्या आणि सहा महिन्यांनी पाइप घालून सरळ करायच्या हा प्रकार जिथं चालतो तिथं नेमकी हीच टेस्ट नकळत चालू असते, फक्त निकाल कोणी बघत नाही.

यूटीएसनंतर कर्व्ह खाली का येतो, सळी कमजोर झाली का?

धातू कमजोर झाला नाही, बारीक झाला. सळी ताणताना दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, धातू कडक होत जातो आणि एरिया कमी होत जातो. आधी कडक होण्याचा वेग जास्त असतो म्हणून एखादी जागा थोडी बारीक झाली तरी ती लगेच कडक होऊन सावरते आणि ताण दुसरीकडे जातो, म्हणून सळी सगळीकडे सारखी लांब होते. पुढं कडक होण्याचा वेग मंदावतो. एक क्षण असा येतो की बारीक होण्याचं नुकसान कडक होण्याच्या फायद्याने भरून निघत नाही, त्या क्षणी लोड सगळ्यात जास्त असतो, आणि त्यानंतर जी जागा आधी बारीक होईल तीच होत राहते. झाली मान तयार. ही अट कॉन्सिडेर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८८५ मध्येच सांगितलीये.

आता आपल्या सळीचा हिशोब. तुटताना लोड ६२, मूळ एरियाने भागलं तर ३०८, म्हणजे यूटीएसपेक्षा कमी. पण तेव्हा मानेचा व्यास ९.८ मिमी, एरिया ७५.४, त्याने भागलं तर ८२२ मेगापास्कल! यूटीएसच्या जवळपास दुप्पट. मानेच्या आत ताण तीन दिशांनी पडतो म्हणून ८२२ हाही अगदी शुद्ध आकडा नाही, पण धातू शेवटपर्यंत कडकच होत होता हे सांगायला पुरेसा आहे. सळीचं तुटलेलं टोक बघा, एका बाजूला वाटी आणि दुसऱ्या बाजूला सुळका, मधला भाग खरखरीत करडा. आधी मानेच्या मधोमध बारीक पोकळ्या होऊन तडा जातो आणि मग कडा तिरक्या कापल्या जातात. तोडतानाचा तो आवाज मात्र दरवेळी दचकवतो.

एकाच सळीचं इलाँगेशन आम्हाला ३२ टक्के आणि शेजारच्या ग्रुपला २६ टक्के, कोण बरोबर?

दोघंही असू शकता. गेज लेंग्थ विचारा त्यांना.

आपल्या सळीत ८० मिमीचे १०५.६ झाले, वाढ २५.६, म्हणजे ३२ टक्के. मान पडायच्या आधी सळी सगळीकडे सारखी समजा २० टक्के ताणली होती, तर त्यातले १६ मिमी त्याचे आणि उरलेले ९.६ मिमी एकट्या मानेचे. आता शेजारच्या ग्रुपने १६० मिमीवर खुणा केल्या असतील तर सारखी वाढ ३२ मिमी होईल पण मान तर एकच आहे, तिचे ९.६ तेवढेच, एकूण ४१.६, भागिले १६०, आलं २६ टक्के. सळी तीच, धातू तोच. म्हणून गोल सळीसाठी गेज लेंग्थ व्यासाच्या ५ पट धरायचं ठरलंय, ५.६५ गुणिले एरियाचं वर्गमूळ हे सूत्र म्हणजे तेच. गेज लेंग्थ न लिहिता नुसतं टक्के सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता एसटीचं तिकीट मागण्यासारखं आहे. आणि सळी खुणांच्या बाहेर किंवा जबड्यापाशी तुटली तर मानेची वाढ मोजमापात येतच नाही, तो आकडा धरू नका, म्हणूनच पंचच्या खुणा एकापाठोपाठ सळीभर करून ठेवायच्या.

रेझिलियन्स आणि टफनेस दोन्ही कर्व्हखालचा एरियाच ना? मग फरक काय?

एरियाच, पण कुठवरचा ते वेगळं. रेझिलियन्स म्हणजे यील्डपर्यंतचा त्रिकोण, लोड काढला की परत मिळणारी एनर्जी. २६६ चा वर्ग भागिले दुप्पट ई, म्हणजे ७०,७५६ भागिले ४,०८,०००, आलं ०.१७ मेगाज्यूल प्रति घनमीटर. टफनेस म्हणजे तुटेपर्यंतचा सगळा एरिया. ढोबळ हिशोबाला यील्ड आणि यूटीएसची सरासरी ३४२ घ्या आणि ०.३२ ने गुणा, १०९. खरा कर्व्ह या सरासरीच्या वर फुगलेला असतो म्हणून हे जरा कमीच धरलंय.

मेगाज्यूल डोळ्यासमोर येत नाहीत ना, तर असं करा. ८० मिमी लांबीच्या त्या सळीच्या तुकड्यात यील्डपर्यंत मावतात सुमारे २.८ ज्यूल, म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी साडेपाच-सहा मिलीमीटर उंचीवरून सोडली तेवढी. आणि तुटेपर्यंत मावतात सुमारे १,७५० ज्यूल, म्हणजे तीच गोणी साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून टाकल्यासारखी. बोटभर सळीत! सहाशे पटीचा फरक आणि तो सगळा यील्डच्या पुढचा.

म्हणून नुसती ताकद जास्त म्हणजे टफ असं नाही. कानस बघा, साध्या सळीपेक्षा कितीतरी कडक आणि मजबूत पण फरशीवर पडली तर मोडते, कारण तिचा कर्व्ह उंच आहे पण रुंद नाही, एरिया किरकोळ.

मग ज्या स्टीलचं इलाँगेशन ३२ टक्के ते कुठेही टफच राहणार ना?

इथं भलेभले फसलेत. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं शेनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज अचानक मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकडे झालं. समुद्र शांत, वादळ नाही, टक्कर नाही. साध्या टेन्साइल टेस्टमध्ये छान ताणलं जाणारं स्टील तिथं काचेसारखं फुटलं.

कारण आपली टेस्ट चार गोष्टी सोप्या करून टाकते: सळी गुळगुळीत, ताण एका दिशेने, वेग संथ, आणि वर खोलीचं तापमान. जहाजात वेल्डिंगच्या दोषांमुळे खाचा होत्या, खाचेच्या टोकाशी ताण तिन्ही दिशांनी येतो म्हणून थर घसरायला वाव मिळत नाही, आणि थंडीत डिसलोकेशन हलवायला आणखी जोर लागतो. घसरण्याआधी तुटणं सोपं पडलं की तडा पळतो. म्हणून खाचेतला टफनेस वेगळा मोजतात, चार्पी टेस्टमध्ये, १० बाय १० बाय ५५ मिमीचा तुकडा, मधे २ मिमी खोल व्ही खाच, एका फटक्यात तोडायचा आणि किती ज्यूल खाल्ले ते वाचायचं. आयएस २०६२ च्या ई २५० स्टीलला बीआर, बी-झिरो, सी अशी अक्षरं लागतात ती याचीच, २७ ज्यूल खोलीच्या तापमानाला, शून्य अंशाला की उणे २० ला मिळाले पाहिजेत ते सांगणारी. चार्पीचे ज्यूल आणि कर्व्हखालचे मेगाज्यूल एकमेकांत बदलता येत नाहीत, तसलं सूत्र शोधत बसू नका.

साध्या सळीऐवजी एफई ५०० वापरली तर बीम कमी वाकेल का?

नाही. ई दोघांचाही २०० च्या आसपासच, सरळ रेषेचा चढ तोच, फक्त एफई ५०० त्या रेषेवर जास्त उंच जाते. उलट जास्त स्ट्रेसला वापरली तर जास्त ताणली जाईल आणि काँक्रीटच्या चिरा रुंद होतील.

टीएमटी सळीचं यील्ड ५०० च्या खाली आलं, सप्लायरला फोन करू का?

आधी वजन करा. खाचाखोचांच्या सळीवर कॅलिपर लावून व्यास मिळत नाही, आणि १६ मिमी लिहिलंय म्हणून २०१ ने भागणंही चूक. एक मीटर तुकडा तोला, किलोला ०.००७८५ ने भागा, चौ. मिमीमध्ये खरा एरिया मिळतो. समजा वजन १.५२ किलो भरलं, एरिया १९३.६. यील्ड लोड ९८ किलोन्यूटन होता, २०१ ने भागला तर ४८८, म्हणजे नापास, आणि खऱ्या एरियाने ५०६, पास. १६ मिमी सळीचं वजन मीटरला १.५८ किलो असायला हवं आणि थोडी सूट असते, ही सळी त्या सुटीत बसते. वजन सुटीच्या खाली गेलं किंवा खऱ्या एरियानेही ५०० येत नसेल, तेव्हा लावा फोन.